फोनवरचा पहिला आवाज : कोणती भाषा आधी आणि किती वेळ?

दुकानाच्या पाटीचा प्रश्न आपल्या राज्यात आता सुटला आहे. २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेली छोटी दुकानेही तिच्यात आली, आणि पाटीवर मराठी देवनागरी अक्षरे असावीत व ती दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावीत असे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, त्यानंतर अंधेरी-कुर्ला रोडवरच्याही बऱ्याच पाट्या बदलल्या. ज्याला उर्दू, गुजराती किंवा इंग्रजी हवी त्याने तीही ठेवली. चार भाषा एका फळीवर मावतात आणि गिऱ्हाईक आपली भाषा एका नजरेत उचलतो. बाकीच्या तीन वाचण्याची त्याला गरजच पडत नाही.

फोनवर मात्र ही सोय नाही. तिथे भाषा एकामागून एक येतात. तिसऱ्या भाषेचा गिऱ्हाईक पहिल्या दोन भाषा संपेपर्यंत फोन कानाला लावून उभा असतो. साकीनाक्यात आता लहान लहान व्यापारीही फोनवर यंत्राचे निवेदन लावून घेऊ लागले आहेत. महिन्याचे भाडे भरले की 'मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा' म्हणणारा आवाज मिळतो. यंत्र घेण्याआधी लोक भाड्याची घासाघीस पुष्कळ करतात, पण निवेदनात काय बोलायचे हे पुरवठादारावर सोडून देतात. आमच्या मते पैशाचा खरा हिशेब त्या बोलण्यातच आहे, म्हणून आज त्यावरच लिहितो.

आमचा धंदा अस्तर, बकरम, फ्यूजिंग आणि शर्टिंगचा. फोन करणारे चार तऱ्हेचे. जरीमरी आणि खैरानी रोडचे शिलाई कारखानदार, त्यांची बोली हिंदी-उर्दू. भिवंडी-मालेगावचे लूमवाले, तेही तसेच. सुरतेचे माल पाठवणारे, त्यांना गुजराती सोयीची. कोकणातले आणि घाटावरचे किरकोळ दुकानदार, ते मराठी बोलणारे. शिवाय मरोळ आणि सीप्झच्या निर्यात कंपन्यांतली खरेदीवाली मुले-मुली, जी हिशेबाची गोष्ट इंग्रजीत करतात. साकीनाक्यातल्या कुठल्याही मध्यम व्यापाऱ्याचा फोन थोड्याफार फरकाने असाच वाजतो.

पुरवठादाराने आम्हांला जो नमुना आणून दिला तो असा होता : "नमस्कार, अमुक टेक्सटाइल्समध्ये आपले हार्दिक स्वागत आहे. आपण फोन केल्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मराठीत माहिती ऐकण्यासाठी कृपया एक दाबा." यानंतर हाच सगळा मजकूर हिंदीत, मग गुजरातीत, मग इंग्रजीत. वाचायला गोड वाटतो. पण निवेदन मोजायचे असते. त्याची सोपी रीत म्हणजे अक्षरे मोजणे. स्वच्छ, न घाईने बोललेल्या निवेदनात एका सेकंदात साधारण पाच अक्षरे जातात. वरच्या मराठी मजकुरात ऐंशीच्या आसपास अक्षरे आहेत, म्हणजे सोळा सेकंद झाले. चार भाषांचे चौसष्ट. इंग्रजीवाल्याला आपल्या भाषेचा पहिला शब्द ऐकायला पाऊण मिनिट थांबावे लागेल, आणि सुरतेच्या व्यापाऱ्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त. ज्याला आपल्याकडून पैसे यायचे आहेत तो कदाचित थांबेल. ज्याला आपल्याला ऑर्डर द्यायची आहे तो कशाला थांबेल?

आता या मजकुरातून काय काढता येते ते पाहा. आभार आणि 'कॉल महत्त्वाचा आहे' ही दोन वाक्ये सरळ जातात. महत्त्वाचा असता तर माणसानेच उचलला असता, असे ऐकणाऱ्याच्या मनात येतेच. 'हार्दिक स्वागत' जाते. 'माहिती ऐकण्यासाठी' जाते, कारण गिऱ्हाइकाला माहिती ऐकायची नसून बोलायचे आहे. 'कृपया' काढताना आमच्या मुलांनी हरकत घेतली की हे उद्धट वाटेल. पण आपल्या भाषांत अदब क्रियापदातच असते. 'दाब' आणि 'दाबा' यांत जो फरक आहे तोच आदर आहे, आणि हिंदी-उर्दूतल्या 'दबाइए'मध्ये तर तो पुरेपूर आहे. इंग्रजीत क्रियापदाला असे आदराचे रूप नाही, म्हणून त्यांना 'प्लीज' लागते, आणि इंग्रजी नमुन्याचा तर्जुमा करताना आपण 'कृपया' बसवतो.

दुसरी गोष्ट, दुकानाचे नाव चार वेळा सांगण्याची गरज नाही. नाव सर्व भाषांत एकच असते. लोकल गाडीत 'पुढील स्टेशन', 'अगला स्टेशन', 'नेक्स्ट स्टेशन' असे म्हणून स्टेशनाचे नाव तिन्ही भाषांत येते, ते तिथे बरोबर आहे, कारण प्रवाशाचे लक्ष मधेच कुठेतरी त्या आवाजाकडे जाते. फोन करणारा मात्र नेहमी पहिल्या शब्दापासूनच ऐकत असतो. त्याला नाव एकदा कळले की पुरे.

म्हणून आम्ही ठरवलेले निवेदन असे झाले : "नमस्कार. अमुक टेक्सटाइल्स, साकीनाका. मराठीसाठी एक दाबा. हिंदी-उर्दू के लिए दो दबाइए. गुजराती माटे त्रण दबावो. फॉर इंग्लिश, प्रेस फोर." मधल्या छोट्या थांब्यांसह हे सगळे चौदा-पंधरा सेकंदांत बसते. मराठीवाल्याचा आकडा सहाव्या सेकंदाच्या आत येतो, आणि इंग्रजीवाला बाराव्या सेकंदाला आपली भाषा ऐकतो. आधीच्या नमुन्यात एवढ्या वेळात मराठीचाही आकडा आला नव्हता.

या चार ओळींत तीन बारकावे आहेत. एक असा की भाषेचे नाव आधी आणि आकडा नंतर. 'एक दाबा मराठीसाठी' असे म्हटले तर गिऱ्हाइकाला आकडा ऐकताना माहीतच नसते की तो आपल्या कामाचा आहे, आणि माहीत होईपर्यंत आकडा निसटतो. भाषा ऐकली की कान टवकारतो, मग आकडा पक्का बसतो. दुसरा असा की प्रत्येक ओळ त्या त्या भाषेतच हवी. 'गुजरातीसाठी तीन दाबा' हे मराठीत सांगून उपयोग नाही, कारण ज्याला मराठी कळते त्याला त्या बटणाची गरज नाही आणि ज्याला गरज आहे त्याला ते कळत नाही. तिसरा असा की आकडे चारच्या पुढे नेऊ नयेत. फोनच्या तारेतून आवाजाचा फक्त मधला पट्टा जातो, बारीक आणि जाड ध्वनी बरेचसे गाळले जातात. त्यामुळे जवळचे शब्द एकमेकांत मिसळतात. 'सात' की 'साठ' हा घोळ फोनवर भाव सांगताना आपण रोज अनुभवतो. 'एक' हा शब्द मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती या चारही भाषांत एकच आहे, हीही पहिल्या ओळीची एक सोय.

आता क्रमाचा मुद्दा. इथे बहुतेक जण दोनपैकी एक कसोटी लावतात. काही जण मानाची लावतात, कोणती भाषा मोठी. काही जण मोजणीची लावतात, कोणत्या भाषेचे फोन जास्त. मोजणी चांगली, पण पुरेशी नाही. आम्ही तिसरी कसोटी धरतो. जो आधीच्या ओळी ऐकताना सर्वांत जास्त अंधारात राहील, त्याची ओळ लवकर यावी. थांबणे सर्वांना सारखे जड जात नाही. मरोळच्या कंपनीतली मुलगी इंग्रजीचे बटण दाबते, पण मराठी आणि हिंदी ओळी तिला बहुधा समजतात. दहा सेकंद ती स्वस्थ ऐकते, कारण काय चालले आहे आणि आपली पाळी येणार हे तिला ठाऊक असते. सुरतेचा व्यापारी हिंदी समजतो, म्हणून तोही तिसऱ्या जागेवर घाबरत नाही. पण सांगोल्याच्या एखाद्या दुकानातली आजी फोन करते आणि आधी इंग्रजी, मग हिंदी आवाज येतो, तेव्हा तिला वाटते की नंबर चुकला. ती फोन ठेवते. इंग्रजी जाणणारा मराठीच्या ओळीला फोन ठेवत नाही. म्हणून महाराष्ट्रात मराठी आधी, हे भावनेच्या बाजूनेच नव्हे तर गिऱ्हाईक टिकवण्याच्या बाजूनेही बरोबर बसते, आणि इंग्रजी शेवटी हेही त्याच न्यायाने. सुरतेत दुकान असते तर हाच न्याय लावून गुजराती आधी आली असती.

इथे आपल्या बिरादरीतल्या व्यापाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. आपल्यातले पुष्कळ जण धरून चालतात की मुसलमान गिऱ्हाईक म्हटला की हिंदी-उर्दू, आणि मराठीचे बटण दुसऱ्यांसाठी. रत्नागिरी, चिपळूण, महाड, श्रीवर्धनच्या आपल्या भावांना हे विचारून पाहा. घरात कोकणी बोली, शाळा मराठी, बाजार मराठी. असा दुकानदार फोन करतो, आमचा मुलगा नाव ऐकतो आणि लगेच उर्दूवर घसरतो. समोरचा अवघडतो आणि मोजमाप सांगताना अडखळतो. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, उर्दू आमची लाडकी आहे, तरीही सांगतो की नावावरून भाषा ठरवू नये. यंत्राच्या बटणाचा एक मोठा गुण हाच आहे की ते नाव विचारत नाही.

उर्दूला वेगळे बटण द्यावे का, हा प्रश्न आम्हांला मित्रांनी विचारला. आमचे उत्तर नकाराचे आहे. हिंदी आणि उर्दूतला मोठा फरक लिपीचा, आणि फोनवर लिपी नसते. 'दो मीटर अस्तर का भाव क्या है' हे वाक्य कोणत्या भाषेचे ते कोणी सांगू शकेल काय? दोन बटणे केली तर दोन्हींच्या मागे तोच माणूस बसणार आणि तेच बोलणार, वर निवेदन दोन-तीन सेकंदांनी लांबणार. मात्र त्याच ओळीत 'उर्दू' हा शब्द घालायला दोन अक्षरे लागतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ. भिवंडीच्या माणसाला त्याने बरे वाटते आणि हिंदीवाल्याचे काही जात नाही, कारण त्याचा शब्द आधीच येऊन गेलेला असतो. एवढा खर्च आम्ही आनंदाने केला.

सलामाचेही तसेच. 'अस्सलामु अलैकुम'ने सुरुवात करावी असे एका नातेवाइकाने सुचवले. यंत्राच्या सलामाला जवाब द्यावा की नाही हा मसला आम्ही आलिम लोकांवर सोडतो. व्यापाराच्या बाजूने आम्हांला एवढेच दिसते की सलाम जिवंत माणसाने करावा. फोन ज्याच्याकडे जातो तो समोरच्याचा आवाज ऐकून सलाम किंवा नमस्कार करील, आणि त्यात जिव्हाळा येईल.

मग यंत्राच्या तोंडी 'नमस्कार' तरी का ठेवला? त्याला कारण पहिल्या सेकंदाचे आहे. रिंग थांबली की माणूस सवयीने 'हॅलो' म्हणतो. फोन जुळताना सुरुवातीचा तुकडा पुष्कळदा कापलाही जातो. त्या क्षणात जे बोलले जाईल ते वाया जाणार हे धरूनच चालावे. दुकानाचे नाव तिथे ठेवले तर गिऱ्हाइकाला अर्धेच नाव ऐकू येते आणि नंबर बरोबर लागला की नाही याचीच त्याला शंका राहते. म्हणून आधी अर्धा सेकंद शांतता, मग 'नमस्कार', आणि त्याच्या मागे नाव. 'नमस्कार' अर्धा कापला गेला तरी नुकसान नाही. कपड्याला शिलाईसाठी मार्जिन सोडतो तसे हे सोडलेले मार्जिन समजावे.

पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणसाच्या मनात काय चालते ते आम्ही आमच्याच गिऱ्हाइकांना विचारून पाहिले. नंबर बरोबर आहे ना, हा माणूस आहे की यंत्र, आणि हे किती वेळ चालणार, एवढेच. नाव आणि 'साकीनाका' ऐकले की पहिली शंका जाते. चटपटीत सुरुवात झाली की तिसरी जाते. सुरुवातीला वाजंत्री वाजली तर तिन्ही वाढतात, कारण कर्ज आणि प्लॉट विकणारे जाहिरातीचे फोन असेच सुरू होतात. मार्च २०२० मध्ये सरकारने प्रत्येक फोनआधी कोरोनाचा इशारा लावला तो वाचकांना आठवत असेल. सुरुवातीला त्यात आधी खोकण्याचा आवाज यायचा आणि मग सूचना. सूचना कामाची होती, पण लोकांना आठवतो तो खोकला.

निवेदन कोणी वाचावे? प्रत्येक ओळ ज्याची ती मातृभाषा आहे त्याने. एकाच माणसाने चारही ओळी वाचल्या तर तीन ओळी पाहुण्याच्या वाटतात, आणि गिऱ्हाईक मनातल्या मनात धरतो की इथे आपली भाषा कामापुरतीच आहे. स्टुडिओची गरज नाही. आपल्या धंद्यात त्यासाठी फुकटची जागा आहे. गोदामात कापडाच्या ताक्यांच्या दोन रांगांमध्ये उभे राहून मोबाइलवर बोलावे. कापड आवाज शोषून घेते आणि घुमणे राहत नाही. रेकॉर्डिंग मात्र चौघांनी एकाच दिवशी, फोन तोंडापासून सारख्याच अंतरावर धरून करावे, नाहीतर मराठी मोठी आणि गुजराती बारीक असा प्रकार होतो, आणि बारीक ऐकू येणाऱ्याला तो दुजाभाव वाटतो.

यंत्रात दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली, निवेदन चालू असतानाच बटण घेतले जाते का. रोजचा गिऱ्हाईक पहिल्या सेकंदालाच 'दोन' दाबतो. ते घेतले नाही आणि सगळे ऐकावे लागले तर लहान निवेदनाचाही फायदा उरत नाही. दुसरी, निवेदन संपल्यावर यंत्र किती वेळ वाट पाहते. मोबाइल कानाला लावला की पडदा काळा होतो. फोन कानावरून काढायचा, पडदा उजळायचा, आकड्यांची पाटी उघडायची, चष्मा शोधायचा आणि मग दाबायचे. दोन सेकंदांत 'आपण कोणतेही बटण दाबले नाही' असे खडसावणारे यंत्र कामाचे नाही. निदान सहा सेकंद द्यावेत. तरीही बटण दाबले गेले नाही तर निवेदन पुन्हा पुन्हा न ऐकवता फोन सरळ माणसाकडे जावा. मोबाइल कंपन्यांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ साली जे तक्रार निवारणाचे नियम केले त्यांतही पहिल्या पायरीला भाषेची निवड आणि तिसऱ्या पायरीला माणसाशी बोलण्याची सोय ठेवायला सांगितले. आपल्यासारख्या दुकानाला तिसरी पायरीही जास्तच आहे. भाषा निवडली की माणूस यावा.

आणि ज्या भाषेचे बटण आहे त्या भाषेचा माणूस मागे असलाच पाहिजे. 'गुजराती माटे त्रण' म्हणून बोलावले आणि पलीकडून 'हां बोलो, क्या चाहिए' आले, तर बटण नसते तेच बरे होते. आमच्याकडे गुजराती बोलणारा एकच मुनीम आहे. तो सुट्टीवर जातो त्या दिवशी तिसरी ओळ काढून टाकतो आणि इंग्रजीचा आकडा चारच ठेवतो, कारण रोजच्यांना तो पाठ झालेला असतो. मधला आकडा रिकामा राहिला म्हणून कोणाचे अडत नाही, पण आकडा बदलला तर अडते. त्या दिवशी कोणी सवयीने तीन दाबलेच तर तो फोन हिंदीवाल्याकडे जाईल असे लावून ठेवले आहे.

पुरवठादार महिन्याला एक यादी देतो, ती बहुतेक जण उघडतही नाहीत. तिच्यात प्रत्येक फोन कितव्या सेकंदाला तुटला ते असते. पहिल्या तीन सेकंदांत तुटणारे फोन पुष्कळ असले तर सुरुवात बिघडलेली आहे, नाव कळत नाही किंवा जाहिरात वाटते. आठव्या-नवव्या सेकंदाच्या आसपास तुटत असले तर मधली एखादी ओळ लांब आहे. बटण दाबून झाल्यावर तुटत असले तर निवेदनाला दोष देऊ नये, आतला माणूस फोन उचलत नाही. आणखी एक पाहावे. एकाच नंबरावरून लागोपाठ दोन फोन आले आणि दोन्ही वेळा बटण वेगळे दाबले गेले, तर आकडा नीट ऐकू जात नाही. ही परीक्षा दुकानात बसून होत नाही. संध्याकाळी सात वाजता साकीनाका मेट्रोच्या पुलाखाली, सिग्नलला रिक्षांच्या गर्दीत उभे राहून स्वतःच्या दुकानाला फोन लावून पाहावा. गिऱ्हाईक तिथूनच बोलतो.

ज्यांच्या दुकानात दोनच माणसे आहेत त्यांनी या भानगडीत पडू नये असे आमचे मत आहे. माणसाचा कान समोरच्याच्या पहिल्या शब्दावरून भाषा ओळखतो, ते काम यंत्राचे बटण दहा सेकंदांत करते. तीन-चार भाषांची तीन-चार माणसे वेगवेगळ्या जागी बसत असतील, एक गोदामात, एक गल्ल्यावर, तरच हा खर्च वसूल होतो.

राहता राहिले दुकान बंद असतानाचे निवेदन. रात्री, जुम्याच्या नमाजच्या वेळेला किंवा ईदच्या सुट्टीत फोन आला की पुष्कळ यंत्रे आधी भाषा विचारतात आणि बटण दाबल्यावर सांगतात की दुकान बंद आहे. ज्याने चष्मा शोधून बटण दाबले त्याला हे फार लागते. बंदच्या वेळेला भाषा विचारू नये. 'अमुक टेक्सटाइल्स. दुकान आता बंद आहे, सकाळी दहाला उघडेल' एवढे मराठीत, लगेच एवढेच हिंदीत, आणि फोन ठेवून द्यावा. रमजानमध्ये वेळ बदलते, तेव्हा हा 'दहा' बदलायला चांद दिसण्याची वाट पाहू नये, आदल्या आठवड्यातच दोन्ही ओळी रेकॉर्ड करून तयार ठेवाव्यात.